ठाण्यातला रिसेल फ्लॅट, सोसायटीचे उपविधी आणि तीन मागण्या

प्रश्न : ठाण्यात रिसेलचा टू बीएचके घेतलाय. सोसायटी ट्रान्स्फरसाठी 25,000 आणि वर 50,000 'विकास निधी' मागते. मी सध्या फ्लॅट भाड्याने देणार आहे, तर म्हणतात कमिटीची परवानगी घ्या आणि दरमहा भाड्याच्या 10 टक्के भरा. सेक्रेटरींनी उपविधींची पुस्तिका हातात ठेवली, 'सगळं यात आहे' म्हणाले. ती कुठून आणि कशी वाचायची? पटलं नाही तर कुणाकडे जायचं?

उत्तर :

सेक्रेटरींनी पुस्तिका दिली हे बरंच झालं, कारण तुमच्याकडे मागितलेल्या रकमांपैकी बऱ्याचशा त्या पुस्तिकेतच अडकतात. मी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. उपविधी पहिल्या पानापासून वाचायला घेतले की माणूस 'व्याख्या' या प्रकरणातच झोपतो. तेव्हा उलट्या बाजूने या. आधी पुस्तिका नेमकी कुठली ते ठरवा, मग ती पुस्तिका आणि मेंटेनन्सचं बिल शेजारी शेजारी ठेवा.

मुखपृष्ठ किंवा आतलं नोंदणी प्रमाणपत्र बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली 'सहकारी गृहनिर्माण संस्था' असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालचं 'अपार्टमेंट' किंवा 'कॉन्डोमिनियम' असेल तर तिथे घोषणापत्र आणि त्यासोबतचे उपविधी चालतात, खर्चाची वाटणीही वेगळ्या तत्त्वावर होते, आणि माझं हे उत्तर बाजूला ठेवा. बोलताना दोन्हींना आपण 'सोसायटी'च म्हणतो, म्हणून ही खात्री आधी.

दुसरं, पुस्तिका बाजारातून आणलेली छापील 'आदर्श उपविधी' आहे की तुमच्या संस्थेने स्वीकारून निबंधकांकडून मंजूर करून घेतलेली? शासनाने 2014 मध्ये नवे आदर्श उपविधी काढले, पण ते आपोआप कुणालाच लागू झाले नाहीत. सर्वसाधारण सभेने ठराव करून ते स्वीकारावे लागतात आणि निबंधक कार्यालयाकडून दुरुस्ती नोंदवून घ्यावी लागते. तुमच्या प्रतीवर त्या कार्यालयाचा शिक्का, सही आणि तारीख हवी. तो शिक्का नसेल तर सेक्रेटरींकडे लेखी मागणी करून मंजूर प्रतच घ्या. एकदा एका संस्थेत हिशेब तपासताना कमिटी मला 2014 ची गुळगुळीत पुस्तिका दाखवत होती आणि मंजूर उपविधी मात्र कितीतरी जुने, टाइप केलेले, कपाटाच्या तळाशी पडलेले होते. सभासदांशी वाद घालताना दोन्हींतलं जे सोयीचं तेवढं वापरायचं, असा त्यांचा खाक्या होता. खाली मी उपविधींचे जे क्रमांक देतो ते 2014 च्या आदर्श प्रतीतले आहेत. तुमच्या प्रतीत एखाद्या आकड्याचा फरक असू शकतो, विषय तोच राहतो.

आता हस्तांतरण. उपविधी 38 काढा. फ्लॅट विकणारा सभासद संस्थेला 15 दिवसांची नोटीस देतो, मग ठरलेल्या नमुन्यात अर्ज, नोंदणीकृत करारनामा, मूळ भाग दाखला म्हणजे शेअर सर्टिफिकेट वगैरे जोडतो. पैशांच्या बाबतीत त्या उपविधीत तीनच गोष्टी आहेत : हस्तांतरण फी 500 रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी 100 रुपये, आणि प्रीमियम. प्रीमियमचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण शासनाने आखून दिलेल्या मर्यादेत. ही मर्यादा 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकातली आहे. महानगरपालिका आणि प्राधिकरण क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000, 'अ' वर्ग नगरपालिकेत 20,000, 'ब' वर्गात 15,000, 'क' वर्गात 10,000 आणि ग्रामपंचायत हद्दीत 5,000. ठाणे महानगरपालिकेत असल्यामुळे तुमच्याकडची 25,000 ची मागणी वरच्या मर्यादेला टेकलेली आहे, पण बेकायदा नाही. तरी एक विचारा : हा दर सर्वसाधारण सभेने कोणत्या तारखेच्या ठरावाने ठरवला? 'जास्तीत जास्त' या दोन शब्दांकडे कमिट्या डोळेझाक करतात आणि 25,000 हा जणू ठोक भाव समजतात. सभेने 10,000 ठरवले असतील तर 10,000 च.

50,000 च्या 'विकास निधी'ला मात्र आधारच नाही. त्याच उपविधी 38 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की देणगी, इतर निधीला वर्गणी किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली विकणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून जादा रक्कम घेता येणार नाही. नाव बदलून फरक पडत नाही. लिफ्ट फंड, रंगकाम निधी, मंदिर देणगी, असले प्रकार मी पावत्यांवर पाहिले आहेत. कमिटीचा नेहमीचा तोडगा म्हणजे तुमच्याकडून 'ही रक्कम मी स्वखुशीने देत आहे' असं पत्र लिहून घेणं. ते पत्र लिहू नका. एकदा लिहिलंत की पुढे निबंधकांपुढे तेच कागद तुमच्यासमोर धरतात. घाईच असेल, भाग दाखला अडला असेल आणि भरण्याशिवाय इलाज नसेल, तर रोखीत देऊ नका. चेकने द्या आणि सोबत पोच घेऊन पत्र द्या की ही रक्कम आक्षेप नोंदवून भरत आहे. पावतीवर कोणत्या खात्यावर जमा केली ते लिहून घ्या.

जाता जाता : मालकाने फ्लॅट स्वतःच्या कुटुंबातल्या माणसाच्या नावे केला, वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे झाला, किंवा दोन सभासदांनी आपसांत फ्लॅट बदलले, तर प्रीमियम लागत नाही. तुमचा तो प्रश्न नाही, पण आई-वडिलांच्या फ्लॅटसाठी हे 25,000 भरून आलेली माणसं मला भेटली आहेत.

एनओसीचाही बाऊ करतात. 38 मध्येच म्हटलंय की हस्तांतरणासाठी संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही. कुणाला हवा असेल, बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेला, तर अर्ज करायचा आणि समितीने महिन्याभरात निर्णय द्यायचा. एनओसीसाठी वेगळे पैसे मागितले तर तोही 'अन्य सबब' मध्येच आला. तुम्हाला खरी गरज आहे ती थकबाकी नसल्याच्या, तारीख घातलेल्या पत्राची. जुन्या मालकाची बाकी त्यानेच फेडल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण होत नाही, आणि तो पैसे घेऊन गेल्यावर संस्था बोट तुमच्याकडे दाखवते.

आता तुमचा मोठा मुद्दा, भाडं. उपविधी 43 वाचा. 2014 च्या प्रतीत फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. कळवावं लागतं. ताबा देण्याआधी आठ दिवस पत्र, नोंदणीकृत कराराची प्रत आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत, एवढं द्यायचं. करार नोंदवणं तसंही सक्तीचं आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे. त्याची जबाबदारी घरमालकावर असते. पण तुमच्या संस्थेचे मंजूर उपविधी 2014 पूर्वीचे निघाले, तर त्यांत लेखी परवानगीची अट असू शकते. म्हणूनच वर शिक्क्याचा एवढा आग्रह धरला. 'फक्त कुटुंबाला द्या, सिंगल नको' असं कमिटी म्हणाली, तर उपविधीतला त्या अर्थाचा शब्द दाखवायला सांगा. आदर्श उपविधीत तसा शब्द नाही.

भाड्याच्या 10 टक्क्यांचा घोळ कुठून येतो तेही सांगतो. बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, त्यावर 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने मर्यादा घातली : सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. त्याआधी संस्था मनाला येईल ते घ्यायच्या. काही संस्था या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि 2007 मध्ये न्यायालयाने आदेश कायम ठेवला. लोकांच्या डोक्यात '10 टक्के' राहिलं आणि 'कशाचे' ते गळून पडलं. कुणी भाड्याचे घेतो, कुणी पूर्ण बिलाचे.

इथे बिल शेजारी घ्यावं लागतं. समजा तुमच्या फ्लॅटचं महिन्याचं बिल असं आहे : मालमत्ता कर 900, पाणी 350, दुरुस्ती व देखभाल निधी 750, मोठ्या कामांसाठी साठवला जाणारा सिंकिंग फंड 250, लिफ्ट 250, सेवा शुल्क 1,600, पार्किंग 200 आणि शिक्षण व प्रशिक्षण निधी 10. बेरीज 4,310. भाडं समजा 22,000. भाड्याच्या 10 टक्क्यांनी संस्था 2,200 मागेल. पूर्ण बिलावर धरलं तर 431. आणि नियमाप्रमाणे? सेवा शुल्क 1,600, त्याचे 10 टक्के, म्हणजे 160 रुपये. 11 महिन्यांच्या करारात 2,200 आणि 160 मधला फरक 22,440 होतो, भाड्याच्या एका अख्ख्या महिन्याहून थोडा जास्तच.

हे शुल्क फ्लॅट भाड्याने दिलेला असतानाच लागतं. कुलूप लावून ठेवलात किंवा आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई, नातवंडं यांपैकी कुणी राहत असेल तर लागत नाही. भाडेकरू गेल्यावर सेक्रेटरींना लेखी कळवा, नाहीतर संगणकातली ती ओळ वर्षभर तशीच चालू राहते. हिशेब तपासताना मला ही चूक वारंवार सापडते आणि बहुतेक वेळा ती मुद्दाम केलेली नसते.

तुम्ही म्हणाल, आमच्या बिलावर 'मेंटेनन्स 4,300' अशी एकच ओळ आहे. मग त्यावर 10 टक्के काढायला आधारच उरत नाही. विभागणी मागा. उपविधी 65 ते 67 मध्ये कोणती शीर्षं आणि प्रत्येकाची वाटणी कशी, हे ठरलेलं आहे. पुस्तिकेत सगळ्यांत सावकाश वाचण्यासारखी पानं हीच. 66 मध्ये सेवा शुल्कात काय येतं त्याची यादी आहे : कर्मचारी आणि वॉचमन यांचे पगार, सामाईक वीज, छपाई, टपाल, हिशेब तपासणीची फी असले खर्च. 67 मध्ये वाटणी. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान, वन बीएचके असो की थ्री बीएचके. वॉचमन मोठ्या घरासाठी जास्त वेळ जागत नाही, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, तळमजल्यावरच्यालासुद्धा. त्यावर तळमजलावाले दरवर्षी सभेत भांडतात आणि दरवर्षी हरतात. पाणी नळांच्या जोडांची संख्या आणि आकार यावर. मालमत्ता कर ज्याच्या त्याच्या आकारणीप्रमाणे. फ्लॅटच्या आकाराचा संबंध येतो तो मुख्यतः दोन निधींत : दुरुस्ती व देखभाल निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के.

इथे एक गल्लत होते. बांधकाम खर्च म्हणजे तुम्ही दिलेली किंमत नव्हे. तुम्ही 95 लाखांना घेतला असेल, पण हिशेबात धरायचा तो इमारत बांधताना त्या फ्लॅटवर झालेला, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला खर्च, जमिनीची किंमत वगळून. तो 12 लाख असेल तर 0.75 टक्क्यांनी वर्षाला 9,000, महिन्याला 750. सिंकिंग फंड वर्षाला 3,000, महिन्याला 250. वरच्या बिलातले आकडे असेच आले आहेत. पण दोन्ही दर 'किमान' आहेत, सभा ठराव करून वाढवू शकते. जुन्या इमारतींना ते वाढवावेही लागतात, कारण तेव्हाचा बांधकाम खर्च इतका कमी असतो की त्याच्या 0.25 टक्क्यांत गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होत नाही. त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, ठराव बघा.

संपूर्ण मेंटेनन्स चौरस फुटावर आकारत असतील तर मात्र सहकारी संस्थेत ते उपविधीला सोडून आहे. तुमचा फ्लॅट मोठा असेल तर तुम्हाला फटका बसतोय, लहान असेल तर शेजारच्याला.

उशिराच्या व्याजासाठी उपविधी 71. 2014 च्या प्रतीत वरची मर्यादा वर्षाला 21 टक्के सरळव्याज आहे. प्रत्यक्ष दर सभा ठरवते. 'सरळ' हा शब्द तपासा, कारण बिलाचं सॉफ्टवेअर आधीच्या व्याजासकट बाकीवर पुन्हा व्याज लावतं. 30,000 बाकीवर पहिल्या वर्षी 6,300. दुसऱ्या वर्षीही 6,300 च हवं. बिलात 7,623 दिसलं तर 36,300 वर आकारणी झालेली आहे. मागच्या दोन-तीन बिलांत मुद्दल आणि व्याज वेगवेगळं छापलंय का बघा. एकत्र छापत असतील तर शंभरातल्या नव्वद ठिकाणी चक्रवाढ लागतेय, हा माझा अनुभव.

आता दाद कुठे मागायची. उपविधी 172 पासून पुढे तक्रारीचं प्रकरण आहे. आधी संस्थेकडे, ठरलेल्या नमुन्यात लेखी तक्रार. समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर 15 दिवसांत तुम्हाला कळवायचा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर 174 मध्ये कुठली तक्रार कुठे न्यायची याची यादी आहे. हे पान लोक वाचत नाहीत आणि चुकीच्या दारात वर्ष घालवतात.

तुमच्या दोन मुख्य तक्रारी, म्हणजे जादा प्रीमियम व देणगीची मागणी आणि जादा बिनभोगवटा शुल्क, या निबंधकांच्या यादीत येतात. म्हणजे तुमच्या विभागाच्या सहकारी संस्था उपनिबंधक कार्यालयात. सभासदत्व नाकारणं, भाग दाखला न देणं, कागदपत्रांच्या प्रती न देणं हेही तिथेच. पण 'मेंटेनन्स जास्त घेतात' ही तक्रार, म्हणजे देय रकमांची जादा वसुली, सहकार न्यायालयाच्या यादीत आहे, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली. पार्किंग, गळती, सभेच्या ठरावावरचा आक्षेप हेही तिकडे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बिनभोगवटा शुल्क, चौरस फुटावरचं मेंटेनन्स आणि पार्किंग, तिन्ही एकाच अर्जात घालून निबंधक कार्यालयात दिले. सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं की हा विषय कलम 91 खालचा आहे, योग्य न्यायालयात दाद मागावी. शुल्काचा मुद्दा एकटा दिला असता तर त्यांना तिथेच निर्णय मिळाला असता, तोही उरलेल्या दोघांबरोबर वाहून गेला. तेव्हा मुद्दे वेगळे करा, अर्ज वेगळे करा. वकील सहकार न्यायालयासाठी लागेल. निबंधकांकडच्या अर्जाला सहसा लागत नाही.

वाद चालू असताना बिल भरणं थांबवू नका. बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून अथवा भरण्याच्या मुदतीपासून, यांतलं जे नंतरचं त्यापासून तीन महिने गेले की तुम्ही थकबाकीदार ठरता. मग संस्था त्याच अधिनियमाच्या कलम 154 बी-29 खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते आणि ती रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते. 2019 पूर्वी हेच काम कलम 101 खाली चालायचं, जुने कमिटीवाले अजून '101 लावू' असंच म्हणतात. वरच्या उदाहरणात 4,310 अधिक 160, म्हणजे 4,470 दरमहा वेळेवर चेकने किंवा बँकेतून भरा आणि पत्र द्या की उरलेल्या 2,040 ला आक्षेप आहे, कारण अमुक. पत्रात 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाचा आणि तुमच्या मंजूर प्रतीतल्या उपविधीचा उल्लेख करा, हिशेब चार ओळींत मांडा. बहुतेक कमिट्या इथेच नमतात, कारण हे पत्र पुढे हिशेब तपासनिसाच्या फाइलमध्ये जाणार हे त्यांना कळतं.

निबंधकांकडे जावंच लागलं तर अर्जाला मंजूर उपविधींची संबंधित पानं, तीन-चार बिलं, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, आठ दिवस आधी दिलेल्या पत्राची पोच आणि संस्थेकडे केलेल्या तक्रारीची पोच जोडा. शेवटची पोच नसेल तर 'आधी संस्थेकडे जा' म्हणून परत पाठवतात. आणि प्रत्येक कागदावर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.